नवीन साहेबांची ओळख, एका दिवसात तीन वेळा

जळगाव एमआयडीसीत आमची पीव्हीसी पाईपची कंपनी आहे, मी तिथे एचआर हेड. जुलै 2023 मध्ये आमच्याकडे पहिल्यांदाच बाहेरचा सीईओ आला. तोपर्यंत सुरुवातीपासून कंपनी मालक स्वतःच चालवायचे, त्यांना सगळे भाऊच म्हणतात, गेटवरचा वॉचमन पण आणि बँकेचा मॅनेजर पण. भाऊंना सत्तरी लागली, मुलगी डॉक्टर, तिला या धंद्यात यायचं नव्हतं, म्हणून बोर्डाने बाहेरून माणूस आणायचं ठरवलं. नवीन साहेब तमिळनाडूकडचे, हिंदी बरी, मराठी शून्य. त्यांची सगळ्या लोकांशी ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे आलं आणि त्या एका दिवसात मी जे शिकले ते सविस्तर लिहायचं कधीचं मनात होतं.

आधी एक सांगते, आमच्यासारख्या कारखान्यात "सगळ्यांची मीटिंग" ही एका वेळेला होऊच शकत नाही. ऑफिसवाल्यांना हे पटकन लक्षात येत नाही. आमच्या एक्स्ट्रुडरच्या, म्हणजे पीव्हीसी वितळवून त्याचा पाईप काढणाऱ्या मशीनच्या, लाइनी तीन शिफ्ट चालतात, आणि पीव्हीसी असं मटेरियल आहे की ते गरम बॅरलमध्ये नुसतं थांबलं की जळायला लागतं. आधी पिवळं, मग तपकिरी, मग काळं, आणि त्यातून आम्लाचा वायू सुटतो जो स्क्रू आणि डाय दोन्ही खातो. म्हणजे लाइन बंद करायची तर आधी दुसरं मटेरियल घालून बॅरल साफ करून घ्यायचा, परत चालू करताना पाईप नीट यायला वेळ जातो, तोपर्यंतचा सगळा माल स्क्रॅप. अर्ध्या तासाच्या भाषणासाठी आठ लाइनी बंद करा असं मी म्हटलं असतं तर प्रॉडक्शनवाल्यांनी मला दारातूनच परत पाठवलं असतं, आणि बरोबरच केलं असतं.

म्हणून शिफ्टच्या सांध्यावर मीटिंग बसवल्या. पहिली दुपारी 2:20 ला, सेकंड शिफ्टवाले चाळीस मिनिटं लवकर आणायचे आणि त्यांच्यासोबत ऑफिस स्टाफ. दुसरी 3:10 ला, फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर. तिसरी रात्री 10:30 ला नाइटवाल्यांची. लवकर आलेल्या आणि थांबलेल्या वेळेचे पैसे धरायचे हे आधीच नोटीस बोर्डावर लावलं, ठेकेदाराच्या माणसांना पण तेच, कारण "मीटिंग फक्त परमनंटची" असं झालं असतं तर दोनशे माणसं बाहेर टपरीवर उभी राहून स्वतःच्या मनाने गोष्ट तयार करत बसली असती. भुसावळ, धरणगाव, एरंडोल साइडच्या बसवाल्यांना वेळ सांगून ठेवली. जुलै निवडला कारण पाऊस पडला की शेतीच्या पाईपचा सीझन उतरतो, डिस्पॅचचं शेड रिकामं असतं आणि ओव्हरटाइमची ओढाताण नसते. हे सगळं गणित माझं बरोबर निघालं. चुकलं ते दुसरीकडेच.

कोणाला कधी सांगायचं याची मी यादी केली होती. बोर्डाचा ठराव झाला, साहेबांची जुन्या कंपनीतली सुटायची तारीख पक्की झाली, त्याच्या आधी नाव बाहेर काढायचं नाही हे ठरलेलं होतं, कारण तिकडून सुटले नसते तर आपण लोकांसमोर खोटे पडलो असतो. मग दोन दिवस आधी डिपार्टमेंट हेड, त्या दिवशी सकाळी युनियनचे अध्यक्ष आणि सेक्रेटरी, दुपारी एक वाजता सगळे सुपरवायझर, आणि मग मीटिंग. कागदावर सगळं छान दिसत होतं.

पण आमचे प्लॅन्ट हेड, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते त्या दोन दिवस आधीच्या मीटिंगमध्ये बाकीच्या सगळ्यांसोबत बसले होते. एकवीस वर्षं कंपनीत. पहिली लाइन भाऊंसोबत त्यांनी उभी केलेली. ती खुर्ची आपल्याला मिळेल असं त्यांना वाटत होतं आणि तसं वाटण्यात काहीच गैर नव्हतं, भाऊंनीच कधीतरी गाडीत तसं बोलून ठेवलेलं. भाऊ त्यांना एकट्याला बोलावून आधी सांगणार होते. मी तीन वेळा आठवण केली, भाऊ म्हणाले "सांगतो, सांगतो", आणि त्यांचं काही मन होईना. शेवटी मीटिंगची वेळ आली, मी पुढे ढकलायला पाहिजे होती पण नाही ढकलली, आणि अण्णांना ती बातमी सहा लोकांसमोर माझ्या तोंडून कळली. ते काहीच बोलले नाहीत. पेनाचं टोपण लावलं, डायरी बंद केली आणि शेवटपर्यंत तसेच बसून राहिले.

आता मीटिंगचा दिवस. एक वाजता सुपरवायझर बोलावले, त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, खाली लोक काय विचारतायत? कारण बातमी थोडीफार फुटलेलीच होती, गेस्ट हाऊसची खोली महिन्यासाठी बुक झाली की ड्रायव्हरला कळतं आणि ड्रायव्हरला कळलं की टपरीला कळतं. एका सुपरवायझरने सांगितलं, मॅडम, ग्राइंडरवरचे आबा रोज मला एकच विचारतात, "भाऊ चालनात का? मंग आते आम्हनं काय हुई?", म्हणजे भाऊ निघाले का, मग आता आमचं काय होईल. दुसरे म्हणाले, कंपनी गुजरातच्या पार्टीला विकली असं पक्कं धरून चाललेत लोक. तिसऱ्यांचं असं की अ‍ॅडव्हान्सचं काय ते विचारतात. हे ऐकून मी वहीत लिहून घेतलं, मान डोलावली, आणि तरीपण 2:20 ला स्टेजवर जाऊन माझ्याकडे आधीच टाइप केलेला परिचय वाचला.

तो परिचय मला माणूस शोधून देणाऱ्या एजन्सीने पाठवलेल्या बायोडेटावरून केलेला. सत्तावीस वर्षांचा अनुभव, कुठल्या कंपनीत कोणतं पद, किती कोटींची उलाढाल सांभाळली, कुठल्या संस्थेतून मॅनेजमेंट. मराठीत केलं होतं मी, पण त्यातली एक ओळ पण समोर बसलेल्या माणसाच्या कामाची नव्हती. नऊ मिनिटं वाचलं. वाचता वाचता वर बघितलं तर लोक माझ्याकडे बघत नव्हते, नवीन साहेबांकडे पण नाही. सगळ्यांच्या माना थोड्या वळलेल्या, शेडच्या मागच्या बाजूला. तिथे रॅकला टेकून हाताची घडी घालून अण्णा उभे होते. त्यांना मी पुढे खुर्ची ठेवली होती, ते बसले नव्हते.

तेव्हा मला एकदम समजलं की ही ओळख माझ्या माइकमधून होतच नाहीये. लोक नवीन माणसाला ओळखत नाहीत, मग ते ज्याला ओळखतात त्याच्या तोंडाकडे बघून ठरवतात की हा चालेल का नाही. सेकंड शिफ्टच्या त्या दीडशे माणसांना उत्तर मिळालं होतं, आणि ते चांगलं नव्हतं.

नंतर भाऊ बोलायला उभे राहिले. पाच मिनिटं ठरली होती, पण पहिली लाइन कशी आली, उधारीवर रेझिन कसं आणलं, तिथपासून सुरू झाले आणि मध्येच गहिवरले. लोकांचे पण डोळे भरले. मला पण भरून आलं, खरं सांगते. पण त्याचा परिणाम उलटा झाला, म्हणजे हा निरोपसमारंभच आहे असं लोकांनी धरलं. भाऊ चेअरमन म्हणून राहणार आहेत, कंपनी विकलेली नाही, एक शेअर कोणाला दिलेला नाही, ही एवढी मोठी गोष्ट कोणी सांगितलीच नाही, कारण माझ्या कागदावर ती पहिल्या पानाच्या शेवटी एका अर्ध्या वाक्यात होती. नवीन साहेबांना बोलायला चार मिनिटं उरली. प्रश्न विचारायला वेळच नाही, तीनला शिफ्ट घ्यायची होती. लोक शांतपणे उठून लाइनीवर गेले. टाळ्या वाजल्या, पण हात वर न उचलता वाजवतात तशा.

तीन वाजायला दहा मिनिटं होती. मी भाऊंना बाजूला घेतलं आणि म्हटलं, भाऊ, अण्णांशी तुम्ही आत्ता बोलल्याशिवाय पुढची मीटिंग करण्यात अर्थ नाही. मला वाटलं रागावतील. ते काही न बोलता उठले आणि शेडच्या मागच्या क्वालिटीच्या छोट्या रूममध्ये अण्णांना घेऊन गेले. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही आणि मी कधी विचारलं नाही. दार बंद होतं, बराच वेळ.

तोपर्यंत दुसरी मीटिंग मलाच सुरू करावी लागली. मी कागद घरी न्यायच्या पिशवीत टाकला आणि वहीतले तीन प्रश्न घेऊन उभी राहिले. आणि तेवढ्यात पाऊस. पत्र्याच्या शेडवर जुलैचा पाऊस म्हणजे कानात ढोल वाजतो, मंडपवाल्याचा स्पीकर काय करणार, आवाज वाढवला की शिट्टी मारायचा. पहिल्या तीन ओळींच्या मागे कोणाला काही ऐकू येत नव्हतं. बसवाले हॉर्न द्यायला लागले. नवीन साहेबांनी दोन मिनिटं वाट बघितली आणि मग ते स्वतःच खाली उतरले आणि घोळक्याघोळक्यात जाऊन उभे राहिले. मी सोबत होते, हिंदीचं मराठी करायला. दहा-पंधरा जणांचे असे सात-आठ घोळके झाले. गंमत म्हणजे मोठ्या मीटिंगमध्ये जो माणूस तोंड उघडत नाही तो घोळक्यात बोलतो. पॅकिंगच्या एका ताईंनी सरळ विचारलं, "साहेब, माझ्या पोरीचं लग्न डिसेंबरात आहे, भाऊ गुरुवारी बसायचे तेव्हा अ‍ॅडव्हान्स सांगायचे, आता कोणाकडे जाऊ?"

हा प्रश्न समजून घेतला पाहिजे. आमच्याकडे अ‍ॅडव्हान्सचा फॉर्म आहे, पॉलिसी आहे, सगळं आहे, पण प्रत्यक्षात भाऊ दर गुरुवारी सकाळी केबिनबाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि माणूस येऊन सांगायचा, लग्न आहे, ऑपरेशन आहे, भाऊ अकाउंटला फोन करायचे. लोकांच्या दृष्टीने मालक म्हणजे ती गुरुवारची खुर्ची. ती कोणाकडे जाणार हाच खरा प्रश्न होता, आणि भाऊ, साहेब आणि मी, आम्ही तिघांनी मिळून त्याचा विचारच केला नव्हता.

मी साहेबांना आधी बजावून ठेवलं होतं की पहिल्या दिवशी तीन विषयांवर शब्द द्यायचा नाही: पगारवाढ, ठेक्याच्या माणसांना परमनंट करणं, आणि शिफ्टच्या वेळा. पगाराचा करार तेव्हा युनियनसोबत चर्चेत होता, आणि सीईओ माइकवर जे बोलेल ते उद्या टेबलावर "तुम्हीच म्हणाला होता" म्हणून येतं. शिफ्टच्या वेळेचं तर कायद्यानेच होतं, तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या 9अ कलमाखाली 21 दिवसांची नोटीस दिल्याशिवाय ती बदलता येत नव्हती, त्यामुळे मोकळेपणाने "बघू, आठला सुरू करू" असं बोलून गेलं तरी भांडण उभं राहतं. पण अ‍ॅडव्हान्स माझ्या यादीत नव्हता. मी साहेबांकडे बघितलं. ते एक क्षण थांबले आणि हिंदीत म्हणाले, "ताई, मुझे अभी मालूम नहीं है. बीस तारीख तक बोर्ड पे लिख के लगेगा, किसके पास जाना है." एवढंच. "सगळं पूर्वीसारखंच राहील" असं म्हणणं किती सोपं होतं, आणि ते खोटं ठरलं असतं. ताईंनी मान हलवली, "वीस तारीख ना? बरं."

संध्याकाळी आम्ही चौघं बसलो, भाऊ, साहेब, अण्णा आणि मी. अण्णांचा चेहरा थकलेला होता पण ताण गेला होता. मी म्हटलं, रात्रीच्या मीटिंगला ओळख मी करून देणार नाही. अण्णा, तुम्ही द्याल का? तुम्हाला नको असेल तर नाही म्हणा, मी काही मनात धरणार नाही. ते बराच वेळ चहाच्या कपाकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "लिहून देऊ नका पण काही. मला जे येईल ते बोलेन."

मग आम्ही फक्त कोण काय सांभाळणार हे पक्कं केलं, घरातल्या भाषेत. भाऊ चेअरमन, बोर्डावर, रोजच्या कामात नाहीत. रोजचं काम, भरती, खरेदी, एका मर्यादेपर्यंतच्या सह्या साहेबांच्या, त्याच्या वरचं बोर्डाकडे. प्लॅन्ट अण्णांचाच, शिफ्टमध्ये काही अडलं तर अण्णा, सीईओकडे पळायचं नाही. फॅक्टरी लायसनवर ऑक्युपायर, म्हणजे कायद्याने कारखान्याचा ताबा ज्याच्याकडे धरतात तो, म्हणून भाऊंचंच नाव राहणार, कारण कंपनीत ऑक्युपायर हा डायरेक्टरच असावा लागतो आणि नवीन साहेब बोर्डावर नव्हते. फॅक्टरी मॅनेजर म्हणून अण्णांचं नाव होतं ते पण तसंच, ते बदललं असतं तर सात दिवसांत इन्स्पेक्टरला लेखी कळवावं लागलं असतं. हे मला कागदी काम वाटत होतं, पण भाऊ म्हणाले, "हेच सांगा ना लोकांना, गेटजवळ लायसन लावलंय, जाऊन वाचा म्हणावं." कंपनी विकली नाही याचा लोकांना हाताने दाखवता येईल असा पुरावा तोच होता.

रात्री साडेदहाला नव्वद-एक माणसं. पाऊस थांबलेला. शेडमध्ये स्टेजवर न जाता खालीच अर्धवर्तुळात उभे राहिलो, माइक बंद. अण्णा पुढे आले. त्यांचं बोलणं मी रेकॉर्ड नाही केलं पण जवळपास असं होतं: "हे आपले नवीन सीईओ. यांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी लाइनीवर शिफ्ट इंजिनियर म्हणून सुरुवात केलीय, आज दुपारी चार नंबरची डाय बघून त्यांनी मला विचारलं की हीटर बँड कधी बदलला, म्हणजे माणसाला कळतं. भाऊ कुठे जात नाहीयेत, चेअरमन आहेत, गेटवर लायसन बघा. मी इथेच आहे. मला पण हे ऐकून आधी बरं वाटलं नव्हतं, ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून मीच सांगतो, यांना साथ द्यायची." आणि ते मागे न जाता साहेबांच्या शेजारीच उभे राहिले. दीड मिनिट झालं असेल. माझ्या नऊ मिनिटांत जे झालं नाही ते त्या दीड मिनिटात झालं, मला लोकांच्या खांद्यांवरून कळलं, खांदे खाली आले.

साहेबांनी मराठीत एकच वाक्य पाठ केलं होतं, "मी मराठी शिकतोय, तोपर्यंत हिंदीत बोललो तर चालेल ना?" त्यांना कोणीतरी सुचवलं होतं की अहिराणीत बोला, लोक खूश होतील. मी नको म्हटलं. आपली घरातली बोली आहे ती, पहिल्याच दिवशी पाहुण्याने पाठ करून म्हटली की कौतुक होतं पण विश्वास बसत नाही. "चालेल!" असा सगळ्यांनी एकदम आवाज दिला. मग प्रश्न सुरू झाले, खरे प्रश्न: रात्रीच्या बसचं, कॅन्टीनमध्ये नाइटला फक्त वडापाव असतो त्याचं, थ्रेडिंगच्या मशीनचा गार्ड तुटलाय त्याचं. गार्डचं साहेबांनी वहीत लिहिलं नाही, अण्णांकडे बघितलं, अण्णांनी लिहिलं. हे मला फार आवडलं, कारण सीईओने पहिल्याच रात्री प्लॅन्ट हेडच्या डोक्यावरून काम घेतलं असतं तर संध्याकाळी बसून ठरवलेलं सगळं तिथेच मोडलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी एक तपासणी केली, ती आता नेहमी करते. तिन्ही शिफ्टमधल्या मिळेल त्या पाच-पाच माणसांना लाइनीवर जाऊन तीनच गोष्टी विचारल्या: नवीन साहेब कोण, भाऊ आता काय आहेत, तुमचं काही अडलं तर कोणाकडे जाणार. नाइटच्या पाचही जणांनी तिन्ही सांगितलं. फर्स्ट शिफ्टला साहेब आवडले होते, पण भाऊंचं नक्की काय ते दोघांनाच माहीत. आणि सेकंड शिफ्ट, ज्यांच्यासमोर मी सगळ्यात जास्त बोलले होते, त्यातल्या चार जणांनी सांगितलं की भाऊंनी कंपनी सोडली. म्हणून त्या शिफ्टसाठी पुढच्या मंगळवारी परत दहा मिनिटं घेतली, अण्णा आणि भाऊ दोघं जण, लाइनीजवळच उभं राहून.

अ‍ॅडव्हान्सची नोटीस 19 तारखेलाच लागली. मंजुरी माझ्याकडे, पैसे तीन दिवसांत, आणि ज्याला फॉर्म भरता येत नाही त्याच्यासाठी गुरुवारी सकाळी टाइम ऑफिसचा माणूस बाहेर बसणार. पॅकिंगच्या त्या ताई पहिल्याच गुरुवारी आल्या. खुर्ची तीच होती, भाऊंची, मीच सांगून तिथून हलवू दिली नव्हती.